अहवालात "अफरातफर" लिहिण्याआधी

या वेळी ऑडिटच्या भाषेबद्दल लिहितेय, कारण चूक माझीच झाली होती.

हिर्डोशी खोऱ्यातल्या एका गटाची तपासणी केली तेव्हा मी अहवालात असं वाक्य लिहिलं: "सचिवांनी गटाचे पैसे स्वतःकडे ठेवून २,५०० रुपयांची अफरातफर केली." ते ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं. सचिव ताई उठून गेल्या आणि पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत.

मला काय दिसलं होतं? जून ते ऑगस्ट, बचत आणि परतफेड मिळून रोकडवहीत जमा १२,००० रुपये. बँकेच्या पासबुकात एकच भरणा, ९ सप्टेंबरला, ९,५०० रुपयांचा. तपासणीच्या दिवशी हातात रोख शून्य. फरक २,५०० रुपयांचा, आणि त्याची नोंद रोकडवहीत नाही, इतिवृत्तातही नाही. एवढंच दिसलं होतं. "अफरातफर" म्हणजे माणसाचा हेतू, आणि हेतू काही वहीत दिसत नाही. तो मी मनानेच जोडला.

मग सगळ्या सदस्यांची पासबुकं मागवली. हे खरं तर आधी करायला हवं होतं. एका ताईच्या पासबुकात १४ ऑगस्टला २,५०० रुपये कर्ज दिल्याची नोंद निघाली, तिची सहीसुद्धा. घरात अचानक गरज पडली म्हणून बैठकीची वाट न बघता पैसे दिले होते. म्हणजे पैसे गेले नव्हते, ठराव झाला नव्हता आणि रोकडवहीत लिहायचं राहिलं होतं. चूक आहेच, पण मी लिहिलेली नव्हे.

नंतर दुरुस्त केलेला मुद्दा असा:

"१४ ऑगस्टला एका सदस्याला २,५०० रुपये कर्ज दिल्याची नोंद सदस्य पासबुकात आहे. रोकडवही, कर्ज रजिस्टर व इतिवृत्तात ती आढळली नाही. गटाच्या नियमानुसार कर्ज बैठकीच्या ठरावाने द्यायचे आहे. सचिवांचे म्हणणे: तातडीची गरज होती, नोंद राहून गेली. गांभीर्य: मध्यम."

यात चार गोष्टी बघा. काय आढळलं आणि कुठल्या वहीत. नियम काय होता. संबंधित ताईचं म्हणणं काय. आणि किती गंभीर. तिसरी गोष्ट आपण हमखास विसरतो. देशाचं सरकारी ऑडिट करणारी कॅग संस्थासुद्धा खात्याचं उत्तर मागवते आणि अहवालात त्याची दखल घेते. कर्ज घेणाऱ्या ताईचं नाव आणि तिच्या घरची अडचण मात्र मुद्दाम लिहिली नाही, हिशोबाला त्याची गरज नव्हती.

"आढळली नाही" आणि "नाही" यांतही फरक आहे. वही दुसरीच्या घरी असेल तर नोंद तिथे असू शकते. काय काय तपासलं ते लिहा, म्हणजे वाचणारीला कळतं. तसंच "नेहमी", "कधीच" टाळा. "१२ बैठकांपैकी ३ बैठकांच्या इतिवृत्तावर सह्या नाहीत" असं मोजून लिहिलं की वादाला जागा उरत नाही.

गांभीर्य ठरवताना माणूस बघू नका. आम्ही आता तपासणीच्या आधीच ठरवतो: पैशावर परिणाम नाही, नुसती नोंद अपुरी, तर किरकोळ, नियम मोडला पण पैशाचा माग लागतो, तर मध्यम, पैशाचा मागच लागत नाही किंवा सही खोटी आहे, तर गंभीर. वरच्या गोष्टीत पासबुकातली नोंद निघाली नसती, तर हाच मुद्दा गंभीर राहिला असता, आणि मी तो तसाच लिहिला असता. सौम्य भाषा म्हणजे झाकपाक नव्हे. गंभीर गोष्ट "थोडी त्रुटी" म्हणून लिहिली, तर ज्यांचे पैसे आहेत त्यांचं नुकसान.

याच तपासणीत दुसरा मुद्दा होता: तीन महिने रोख घरात राहिली. तो मी वेगळा लिहिला, दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या की दोन्ही धूसर होतात. कारणही विचारलं. खातं भोरच्या शाखेत, वरंधच्या बाजूचा पावसाळा, एकटीने पैसे घेऊन जायचं. म्हणून "सचिवांनी काळजी घ्यावी" अशी शिफारस उपयोगाची नव्हती, त्यातून करायचं काय तेच कळत नाही. शेवटी लिहिलं: "बैठकीनंतर अध्यक्ष व सचिव यांनी रोख मोजून वहीत दोघींनी सही करावी. १,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम सात दिवसांत बँकेत भरावी. पावसाळ्यात ते शक्य नसल्यास कारण व रक्कम पुढच्या इतिवृत्तात नोंदवावी. १४ ऑगस्टचे कर्ज पुढील बैठकीत ठरावाने नियमित करून तिन्ही ठिकाणी नोंदवावे. जबाबदारी: सचिव. ग्रामसंघ महिनाभराने तपासेल."

हा दुसरा अहवाल वाचायच्या आधी मी तो सचिव ताईंच्या घरी जाऊन दाखवला. त्यांनी एक तारीख दुरुस्त करून दिली.