वर्षानंतरचे गाव : आपत्तीचा वर्षस्मरणलेख कसा लिहावा

पूर, भूकंप, दरड अथवा आग यांनी उद्ध्वस्त झालेल्या गावास एक वर्ष पूर्ण झाले, की त्या गावासंबंधी लेख येऊ लागतात. शिक्षक लिहितात, ग्रामसेवक लिहितात, आमच्यासारखे प्रसिद्धी अधिकारीही लिहितात. अशा बहुतेक लेखांचा पहिला अर्धा भाग मूळ घटनेच्या वर्णनात खर्ची पडतो आणि उरलेला अर्धा मंजूर रकमांच्या यादीत. त्या वर्षात वाचलेल्या माणसांचे काय झाले, हे मात्र वाचकास कळत नाही. प्रस्तुत लेखात किल्लारीच्या भूकंपाचे उदाहरण घेऊन या लेखनाचा विचार करावयाचा आहे. किल्लारी आपल्या वाचकांस परकी नाही. तो धक्का हैदराबादकडे आणि बिदर, गुलबर्गा या बाजूसही जाणवला होता. त्या वेळी मी शाळेत होतो. पुढे या खात्यात आल्यावर त्या काळचे अहवाल व कात्रणे मी अभ्यासासाठी वाचली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हा भूकंप झाला. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. मृतांची संख्या एका अहवालात ७,९२८ आढळते, तर अन्यत्र ९,७४८ अशीही दिली जाते. लेखकाने येथेच सावध व्हावे. संख्या कोठून घेतली ते त्याच वाक्यात सांगावे आणि दोन संख्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. जो आकडा आपणांस गावच्या नोंदवहीत पडताळता येतो, तोच लेखात प्रमुख ठेवावा.

आता लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. काय बदलले हे सांगावयाचे, तर आधी काय होते हे नेमके ठाऊक हवे. म्हणून वर्षस्मरणाची तयारी वर्षाच्या शेवटी सुरू होत नाही. आपत्तीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात ज्या कुटुंबांशी बोलणे झाले, त्यांची नावे, त्यांनी सांगितलेली गरज आणि त्या वेळी त्यांना दिलेले आश्वासन ही वहीत उतरवून ठेवावी. वर्षाने त्याच कुटुंबांकडे जावे. नवीन, बोलकी माणसे शोधली, तर आपण तुलना करीत नाही, नुसती भेट घेऊन येतो. पहिल्या वेळची वही नसेल, तर तलाठ्याचा पंचनामा आणि त्या आठवड्यातील वर्तमानपत्रे यांवरून ती शक्य तितकी पुन्हा उभी करावी.

किल्लारी परिसरातील घरे काळ्या दगडांची होती. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर लाकडाच्या तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद, अशी ही बांधणी उन्हाळ्यात गारवा देई आणि वैभवाचेही लक्षण मानली जाई. भिंत बाहेरून व आतून दगडांची आणि मध्ये भर, अशी दोन पदरांची असे. दोन्ही पदरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच घातलेला असे. हादरा बसताच पदर सुटून भिंत फुगली आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर आला.

या एका गोष्टीतून पुढील वर्षाचे बरेच काही निघते. वाचलेल्यांच्या मनात दगडाचे भय बसले. जुने गावठाण सोडून नव्या जागी जाण्याची आणि वर स्लॅबचेच घर घेण्याची मागणी पुढे आली. अभियंते सांगत, की दोष दगडाचा नाही, बांधणीचा आहे. आरपार दगड घातले, कोपरे बांधले आणि माळवदाचा भार कमी केला, तर तीच भिंत टिकते. अभियंत्यांचे म्हणणे खरे होते. पण ज्याने आपले माणूस त्या दगडांखालून बाहेर काढले, त्याला ते कसे पटावे? वर्षस्मरणलेखात हा मतभेद यावयास हवा, कारण पुनर्वसनाचा पुढील सारा आकार त्यातून ठरला. शेवटी ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्याचे ठरले. काही गावांत थोडी पुनर्बांधणी आणि उरलेल्या शेकडो गावांत आहे त्याच जागी दुरुस्ती व मजबुतीकरण, असे काम वाटले गेले. जागतिक बँकेचे कर्ज १९९४ मध्ये आले आणि काम १९९८ पर्यंत चालले.

म्हणजे ३० सप्टेंबर १९९४ रोजी लेख लिहिणाऱ्यास काय दिसले असते? बहुसंख्य कुटुंबे अजून पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत होती. काही गावांत देणगीदार संस्थांची घरे उभी राहत होती. अशा वेळी दोन चुकीचे लेख सहज लिहिले जातात. पहिल्याचा सूर, सर्व काही मार्गी लागले, असा. दुसऱ्याचा, काहीच झाले नाही, असा. दोन्ही लेख लिहावयास सोपे आणि दोन्ही वाचकाची फसवणूक करणारे. एका वर्षात घर पूर्ण होत नाही. परंतु घर कोठे, केवढे आणि कोणाच्या नावे, हे ठरून जाते. वर्षस्मरणलेखाचा खरा विषय हाच आहे. पुढे न बदलता येणारे निर्णय याच वर्षात घेतले जातात.

घराच्या आकाराचेच पाहा. स्थलांतरित गावांत भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबास २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टर असलेल्यास ४०० आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यास ७५० चौरस फुटांचे घर, असा नियम होता. जमिनीवरून घर ठरले. अहवालात ही एक ओळ आहे, पण प्रत्येक कुटुंबात तिचा अर्थ वेगळा होतो.

समजण्यासाठी एक कुटुंब कल्पू. तीन हेक्टर कोरडवाहू जमीन, ती वडिलांच्या नावे. वडील आणि थोरली सून भूकंपात गेली. आई, दोन मुलगे आणि एक नातू उरला. नियमाप्रमाणे घर ४०० चौरस फुटांचे. लेखकाने येथे “कसे वाटते?” असे विचारू नये. त्याचे उत्तर रडण्यात येते, आणि ते रडणे छापून कोणाचेही भले होत नाही. त्याऐवजी एका दिवसाची हकीकत विचारावी. पाणी कोठून आणता, किती फेऱ्या होतात? शेत आता झोपण्याच्या जागेपासून किती दूर पडले? बैल रात्री कोठे बांधता, कडबा कोठे रचता? नव्या नकाशात गोठ्याला जागा आहे काय? नातवाची शाळा कोणत्या शेडमध्ये भरते? मग कागदांकडे वळावे. वडिलांचा मृत्यूचा दाखला मिळाला काय? वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर मुलांची नावे चढली काय? नावे चढली नसतील, तर सोसायटीचे पीककर्ज अडते, आणि पेरणी हातउसन्या पैशांवर होते. मंजूर रकमेच्या यादीत ही गोष्ट कधीच दिसत नाही. दोन भाऊ पुढे वेगळे झाले, तर घर कोणाचे, हेही विचारावे. जुन्या वाड्यात भिंत घालून वाटणी करता येई. ४०० चौरस फुटांत ती कशी करणार?

आता याच माहितीवरून लिहावयाचा उतारा असा असू शकेल : “गेल्या वर्षी या कुटुंबाने दोन गोष्टी मागितल्या होत्या, निवारा आणि बैलजोडी. निवारा पत्र्याचा मिळाला; पावसाळ्यात तो गळला नाही, उन्हाळ्यात मात्र दुपारी त्यात बसवत नसे. बैल एकच घेता आला, दुसरा शेजाऱ्याचा. नव्या घराचा भूखंड आखला आहे. तेथून शेत पूर्वीपेक्षा दूर पडते. वारस नोंद अद्याप झालेली नाही.” यात भावना भडकविणारे एकही विशेषण नाही, तरी वाचकास वर्ष कळते. शिवाय प्रत्येक वाक्य पडताळता येते. भूखंड नकाशावर पाहता येतो, नोंद तलाठ्याकडे, अंतर चालून मोजता येते.

मंजूर, वाटप, प्राप्त आणि वापरात, हे चार शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत. या बाबतीत माझीच चूक सांगतो. एका पूरग्रस्त गावाच्या वर्षपूर्तीस मी किल्ल्या दिलेल्या घरांची संख्या लिहिली आणि सोबत किल्ल्या स्वीकारणाऱ्यांचे छायाचित्र दिले. पुढील महिन्यात तेथील शिक्षकांचे पत्र आले. त्या घरांपैकी निम्म्यांना अद्याप कुलूप होते, कारण नळाची जोडणी व्हावयाची होती. संख्या खरी होती, लेख खोटा होता. तेव्हापासून मी सायंकाळी त्या वस्तीतून एक फेरी मारतो. कोणत्या घरात चूल पेटली आहे, हे तेव्हाच कळते.

भेटीचा दिवसही विचारपूर्वक ठरवावा. वर्षपूर्तीच्या दिवशी मंडप असतो, पाहुणे असतात, आणि घरातील माणसे बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात. किल्लारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. शासकीय स्मरणदिन ३० सप्टेंबर हा. परंतु घरोघरचे वर्षश्राद्ध तिथीने होणार. १९९३ मध्ये अधिक भाद्रपद आल्याने सण उशिरा होते. १९९४ मध्ये तीच तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी आली. तारखेवर विसंबून गावात जाणाऱ्यास घरातील वर्ष आधीच होऊन गेलेले आढळले असते. तिथीचा दिवस टाळून, त्याच्या आठवडाभर आधी जाणे उत्तम.

लेखाची मर्यादा लेखातच लिहावी. नवी वस्ती माणसांना मानवली की नाही, हे पहिल्या वर्षी सांगता येत नाही. किल्लारी परिसरातील नवी गावे रुंद, सरळ रस्त्यांची आणि जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट क्षेत्राची झाली. जवळचे शेजारी लांब गेले. इतके रस्ते, गटारे आणि नळ सांभाळण्याचा बोजा ग्रामपंचायतींवर आला. हे सारे वर्षांनंतर दिसले. परंतु नकाशा १९९४ च्या सुमारासच ठरत होता. पहिल्या वर्षी त्या नकाशासमोर उभे राहून “रस्ता दुरुस्त कोण करील?” एवढे विचारणारा लेख गावाच्या उपयोगी पडला असता.

लिहून झालेला मजकूर छापावयास देण्यापूर्वी त्या कुटुंबास वाचून दाखवावा. नावे छापावीत की नाही, हे त्यांनी ठरवावे. पोरक्या मुलांची नावे व छायाचित्रे कोणी संमती दिली तरी देऊ नयेत. वाचन ऐकताना माणसे तपशील दुरुस्त करतात, “बैल दोन नाही, एक,” असे म्हणतात. ती दुरुस्ती तेथेच वहीत करावी, आणि त्याच पानावर पुढच्या भेटीचा महिना लिहून ठेवावा.