आजीच्या बॅलन्समधले सदतीस पैसे

चि. मृणाल हिस,


तुझं पत्र मिळालं. आजीच्या फोनमध्ये पन्नासचा टॉप-अप मारला की आठवड्याभरात बराचसा बॅलन्स जातो, आणि ती तर म्हणते मी कुठेच फोन लावला नाही. यावर तू दोन उपाय ठरवलेस: टॉप-अप दहाचाच मारायचा, नाहीतर कंपनी बदलायची. यातलं तूर्त काहीच करू नकोस. दहाचा मारलास तर दहातले कापले जातील. आणि कंपनी बदललीस, तरी बटण दाबणारा अंगठा तोच राहणार. रिचार्जच्या काउंटरवर बसून माझी इतकी वर्षं गेली आहेत की असं बॅलन्स कुठे जातं ते सांगायला मला कंपनीचं नावही विचारावं लागत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घे. आजीच्या सिमवर पैशांचे दोन कप्पे आहेत. एकात पॅक, म्हणजे अमुक दिवस कॉल फुकट, रोजचे ठरावीक मेसेज वगैरे. दुसऱ्यात मुख्य बॅलन्स, ज्याला आपण टॉकटाइम म्हणतो. पॅक चालू असताना देशातल्या कॉलला मुख्य बॅलन्समधला पैसाही लागत नाही. तो लागतो मस्कतच्या काकांना फोन लावायला, पॅकबाहेरच्या मेसेजला, पॅक नसताना चुकून इंटरनेट सुरू राहिलं तर, आणि कंपनीकडून उसना टॉकटाइम घेतला असेल तर तो फेडायला. यातलं काहीच घडलेलं नसताना बॅलन्स उतरत असेल, तर कुठलीतरी 'सेवा' तिथून आपलं भाडं उचलते आहे, असं समज. कॉलर ट्यून, भविष्य, क्रिकेटचा स्कोअर, गेम, भक्तिसंगीत, काहीही असू शकतं.

आता तू पाठवलेले आकडे पाहू. पन्नासच्या टॉप-अपवर आजीला ३९ रुपये ३७ पैसे मिळाले. ते बरोबर आहे. पन्नासातून अठरा टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क वजा जाऊन एवढंच हाती येतं, तिथे चोरी नाही. दुसऱ्या दिवशी तू पाहिलंस तेव्हा ९ रुपये ३७ पैसे होते, आणि पुढच्या महिन्यात २ रुपये ३७ पैसे. हे सदतीस पैसे बघ. ते जागचे हललेले नाहीत. फोन केला किंवा नेट वापरलं, तर कापली जाणारी रक्कम बहुतेक वेळा मोडकी असते आणि पैशांचा आकडा बदलतो. इथे एकदा सरळ तीस गेले, एकदा सरळ सात. पुरे रुपये गेले म्हणजे ते भाडंच असणार, असं नाही. पण माझा पहिला संशय तिकडेच जातो.

तीसनंतर सातच का, हे तू विचारलं नाहीस, पण तेच समजून घेण्यासारखं आहे. महिना पुरा झाल्यावर सेवा आपोआप नवी होते. त्या दिवशी तीस रुपये नसतील, तर पुष्कळ सेवा हात हलवत परत जात नाहीत. जेवढं सापडेल तेवढ्यात बसणारा हप्ता घेतात, महिन्याऐवजी आठवड्याचा किंवा एका दिवसाचा. नऊ रुपये सदतीस पैसे दिसले, त्यातून सात उचलले. म्हणून तुझा दहाचा टॉप-अप हा उपाय नव्हे. खात्यात काहीच नसलं तर सेवा थांबल्यासारखी वाटते, पण बंद झालेली नसते. तू टॉप-अप मारलास की ती पुन्हा जागी होते. 'टाकले आणि तासाभरात गेले' असं लोक म्हणतात ते यामुळेच.

आजीने ही सेवा घेतली कशी? घेतली नाही, लागली. साध्या बटणाच्या फोनवर पडद्यावर आपोआप एक चौकट उमटते: गाण्याचं किंवा देवाचं नाव, आणि खाली 'ओके'. आजीला ती चौकट घालवायची असते, म्हणून ती ओके दाबते. तेवढ्यावर पैसे कापता येऊ नयेत म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १० जुलै २०१३ च्या आदेशाने दुहेरी संमती सक्तीची केली: एकदा होकार घेतल्यावर दुसऱ्यांदा वेगळा होकार घ्यायचा, मगच सेवा सुरू करायची. नियम चांगला आहे. पण दुसरी चौकटही पहिल्यासारखीच उमटते आणि तिचंही ओके त्याच बटणावर असतं. आजी तीही घालवते. कागदोपत्री दोन्ही संमत्या पक्क्या! दुसरा रस्ता म्हणजे दुसऱ्याची कॉलर ट्यून. आजीने भजनी मंडळातल्या कुणाला फोन लावला, तिकडून गाण्याबरोबर 'हे गाणं आपल्या फोनवर लावण्यासाठी स्टार दाबा' असं ऐकू आलं, आणि बाईसाहेबांनी दाबलं.

कॉलर ट्यूनची आणखी एक गंमत अशी की ज्याची असते त्याला ती कधी ऐकूच येत नाही. म्हणून तुझ्या फोनवरून आजीला लाव आणि रिंगच्या जागी काय वाजतं ते ऐक. गाणं वाजलं तर निम्मा तपास झाला. साधी ट्रिंग ट्रिंग आली तर मात्र निर्धास्त होऊ नकोस. पैसे घेणाऱ्या कॉलर ट्यूनला पुष्कळदा दोन खर्च असतात, एक सेवेचं मासिक भाडं आणि दुसरा त्या गाण्याचा. गाणं काढलं तरी सेवेचं भाडं चालूच राहू शकतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे 'मी ट्यून काढून टाकली होती की' असंच म्हणतात. त्यांनी गाणं काढलेलं असतं, सेवा नव्हे. याउलट काही कंपन्या हल्ली पॅकबरोबर ट्यून फुकट देतात. तिथे गाणं वाजतं एकीकडे आणि पैसे कापते दुसरीच कुठली सेवा. त्यामुळे नुसतं गाणं ऐकून निकाल देऊ नये.

आता बंद कसं करायचं. सगळ्या कंपन्यांसाठी एकच फुकटचा नंबर आहे, 155223. तो आजीच्याच फोनवरून लावायचा, तुझ्या फोनवरून लावून उपयोग नाही. चालू असलेल्या सेवा त्यावर कळतात आणि तिथेच बंद करता येतात. बोलणं नको असेल तर त्याच नंबरला एका शब्दाचा मेसेज पाठव:

```
STOP
```

एकाहून जास्त सेवा चालू असतील तर बहुधा यादी येते आणि हवा तो आकडा उत्तरात पाठवावा लागतो. लोक पहिला मेसेज पाठवून फोन खिशात टाकतात आणि यादीला उत्तर द्यायचं राहून जातं. सेवा बंद झाल्याचा मेसेज येईपर्यंत फोन हातातच ठेव. आणि कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधायला जाऊ नकोस. तिथे खोट्या कस्टमर केअरवाल्यांचा सुळसुळाट आहे, ते तीस रुपये मिळवून द्यायच्या नावाखाली ओटीपी मागतात.

बंद करण्याआधी आजीला एकदा विचार मात्र. मागे एका मुलाने हौसेने वडिलांची ट्यून बंद केली, तर म्हातारबुवा दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. 'लोक म्हणायचे, तुम्हाला फोन लावला की छान अभंग लागतो.' त्यांना ती हवी होती, पैसे माहीत असूनही.

पैसे परत मिळतील का, हा तुझा खरा प्रश्न. सेवा सुरू झाल्यावर किंवा नवी झाल्यावर पैसे कापले गेले की चोवीस तासांच्या आत 'मी ही घेतलेली नाही' असं कळवलं, तर ते परत मिळावेत अशी तरतूद ट्रायच्या त्याच आदेशात आहे. म्हणजे सगळा खेळ त्या चोवीस तासांचा आहे. सेवा सुरू झाल्याचा मेसेज येतो, त्यात सेवेचं नाव, भाडं, मुदत आणि बंद करायची रीत असते. पण आजीचा इनबॉक्स उघडून बघितलास का कधी? बटणाच्या फोनमध्ये मेसेजची जागा मोजकी असते. ती भरली की नवा मेसेज आतच येत नाही, नुसतं वर पाकीट लुकलुकत राहतं. पैसे कापल्याची खबर दाराबाहेर ताटकळत असते आणि आत तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळी ऑफर जपून ठेवलेल्या असतात. तेव्हा पहिलं काम इनबॉक्स रिकामा करायचं, मग बाकीचं.

चोवीस तास उलटून गेले असतील तरी 198 ला लाव. हा तक्रारीचा नंबर, याला पैसे पडत नाहीत. सेवेचं नाव, कापल्याची तारीख, रक्कम आणि 'संमती दिली नव्हती' एवढं सांग, आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तेही फुकट असतं आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्रायकडे पत्र लिहू नकोस, ते एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाहीत. पुरावा लागला तर प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार हिशेब मागता येतो, त्याला पन्नास रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. आता सदतीस रुपयांसाठी पन्नासचा कागद काढायचा का, हे तू ठरव. मी काढणार नाही. पण वर्षभर कापत आले असतील तर जरूर काढीन.

त्या चौकटी पुन्हा उमटू नयेत याचीही सोय आहे. फोनच्या मेन्यूत 'सिम टूलकिट' किंवा कंपनीच्याच नावाचा एक पर्याय असतो. बीएसएनएलच्या सिमवर त्यात BSNL Buzz Service, एअरटेलच्या सिमवर Airtel Now! अशी नावं असतात. आत जाऊन Activation किंवा Start/Stop मध्ये ते बंद करायचं. सिम नवंजुनं असेल तसे शब्द थोडे बदलतात. 1909 ला जाहिरातींची मनाई नोंदवलीस तर विक्रीचे फोन कमी होतील, पण आधीच लागलेली सेवा त्याने बंद होत नाही. ते काम 155223 चंच.

आजच बंद केलंस तर लगेच टॉप-अप मारू नकोस. शेवटचं भाडं कोणत्या तारखेला गेलं ते कॅलेंडरवर लिहून ठेव. सात रुपयांचा तो हप्ता बहुधा आठवड्याचा असणार, म्हणजे पुढची उचल आठव्या दिवशी. त्याच्या आदल्या दिवशी दहाचा टॉप-अप मार, सात रुपये सत्तेचाळीस पैसे पडतील. आधीचे दोन रुपये सदतीस धरून नऊ रुपये चौऱ्याऐंशी. दोन दिवसांनी आकडा तोच राहिला तर पन्नासचा मारायला हरकत नाही. कमी झाला तर मला फोन कर. तक्रार नोंदवताना काय बोलायचं ते मी सांगेन, तेव्हा आजीला शेजारी बसव, कारण 198 वाले कधी कधी ज्याचं सिम त्यालाच बोलायला लावतात.

तुझा,
मामा