सल्लागाराला लिहिलेली दोन पत्रं

आर्थिक सल्लागाराला भेटण्याआधी आम्ही दोघांनी पत्र लिहिलं, तेही दोनदा, दोन वेगळ्या माणसांना. पहिल्या पत्रातून आमच्या गळ्यात एक पॉलिसी पडली. दुसऱ्यातून आमची खरी परिस्थिती आधी आम्हालाच कळली.

पहिलं पत्र एका बँकेतल्या ‘वेल्थ’वाल्याला होतं. त्यात आमचं दोघांचं मिळून वीस लाखांचं पॅकेज, घरकर्ज, आणि ‘मुलीच्या शिक्षणाची फार काळजी वाटते’ असं एक वाक्य. त्याने तेवढं वाक्य अचूक उचललं आणि वर्षाला दीड लाख हप्त्याचा ‘चाइल्ड प्लॅन’ पुढे केला. कर्जांबद्दल एक प्रश्न नाही. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, म्हणून वाचलो. जोखमीचा थोडा हप्ता आणि स्टॅम्प ड्यूटी वजा होऊन बाकीचे पैसे मिळाले. विकणाऱ्याच्या हाती तुमची भीती पडली की तिचं लगेच उत्पादन होतं. म्हणून पत्र लिहिण्याआधी समोरच्याला पैसे कोण देतं ते विचारा. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक INA ने सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ज्याच्याकडून सल्ल्याची फी घेतली, त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर त्याला कमिशन घेता येत नाही. ARN क्रमांकवाला हा म्युच्युअल फंडाचा वितरक असतो, त्याचं उत्पन्न कमिशनचं. तो वाईट असतोच असं नाही, पण भीती त्याच्यासमोर मांडायची की नाही हे आधी ठरवावं.

दुसरं पत्र एका सल्लागार बाईंना होतं. त्यात पॅकेजचा आकडा काढून टाकला. खात्यात जमा होतात ते लिहिले: माझे ७२ हजार, नवऱ्याचे ५८. त्याचा बोनस वेगळा, ‘येईलच असं नाही’ अशा शेऱ्यासह.

कर्जांना सगळ्यात जास्त वेळ लागला. घरकर्ज शिल्लक ३१ लाख, व्याज ८.६ टक्के, बदलतं, १७ वर्षं बाकी, हप्ता सुमारे २९ हजार. गाडीचा हप्ता ११ हजार. इथवर सोपं होतं. मग सोनेतारण निघालं: दीड लाख, दरवर्षी व्याज भरून पुढे ढकललेलं, मुद्दल जागच्या जागी. क्रेडिट कार्डाचे ८५ हजार निघाले. ‘मिनिमम ड्यू’ वेळेवर भरतो म्हणून त्याला आम्ही कर्ज समजतच नव्हतो, पण महिन्याला साडेतीन टक्क्यांनी जवळजवळ तीन हजार नुसतं व्याज जात होतं. शेवटी नवरा म्हणाला, “दादाच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीनदार आहे, ते लिहायचं का?” लिहायचंच. कर्जदाराने थकवलं तर जामीनदाराची जबाबदारी त्याच्याइतकीच असते. सहा लाखांची ही गोष्ट मला त्या संध्याकाळी कळली. स्वयंपाकघरात बराच वेळ कुणी बोललं नाही, हेही सांगून टाकते.

उद्दिष्टं लिहिताना ‘चांगलं शिक्षण’ असले शब्द खोडले. मुलगी आत्ता नऊ वर्षांची. बारावीनंतरच्या चार वर्षांसाठी आजच्या भावाने १५ लाख, असं लिहिलं. महागाईचं गणित सल्लागाराचं.

भीती मात्र दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहिली, एकमेकांना न दाखवता. हे मी प्रत्येक जोडप्याला सांगेन. एकत्र लिहिलं की ज्याचा आवाज मोठा, त्याची भीती पत्रात जाते. नवऱ्याला वडिलांच्या आजारपणाची धास्ती होती, मला माझ्या नोकरीची. नुसतं ‘नोकरीची भीती’ लिहून उपयोग नसतो, तिच्या मागे आकडा लागतो. आमचा घरखर्च ५५ हजार, हप्ते ४० हजार. माझा पगार थांबला तर महिन्याला ३७ हजारांची तूट. मुदत ठेव दीड लाखाची. म्हणजे चार महिने निघतील, पाचव्या महिन्यात हप्ता चुकेल, आणि कार्डाचं तर यात धरलेलंच नाही.

पत्र वाचून सल्लागार बाईंनी पहिल्या भेटीत कुठल्याच फंडाचं नाव घेतलं नाही. मुदत ठेवीवर सात टक्के मिळतात, कार्डावर बेचाळीस जातात, तेव्हा ठेव मोडून आधी कार्ड संपवा, मग कार्डाला जाणारे पैसे दर महिन्याला ठेवीत टाका, असं त्या म्हणाल्या. दुसरा मुद्दा आरोग्यविम्याचा. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा वेगळा घ्या. शिक्षणाच्या गुंतवणुकीवर त्या तिसऱ्या भेटीत आल्या.

तुम्ही लिहाल तेव्हा दोन पानांत आटपा, वर तारीख घाला, एक प्रत स्वतःकडे ठेवा. पॅन, आधार आणि खाते क्रमांक पहिल्या पत्रात घालू नका. करारावर सह्या झाल्यावर ते द्यायला वेळ असतो. पासवर्ड किंवा ओटीपी कुणी मागितला, तर ती भेट तिथेच संपवा.