विग रंगविण्यापूर्वी केस ओळखा

विग किंवा गंगावन रंगवून देणाऱ्या कारागिराचे नुकसान बहुधा रंगामुळे होत नाही, केस न ओळखल्यामुळे होते. एका गिऱ्हाइकाने आमच्याकडे तपकिरी विग काळा करण्यास दिला. विकणाऱ्याने तो 'अस्सल केसांचा' म्हणून दिला होता. आम्ही कपाळाकडचे दोन-चार केस जाळून पाहिले, ते अस्सल निघाले. मग नेहमीचा काळा रंग लावून पाऊण तासाने धुतला. पुढचा भाग काळाभोर झाला, मागचा मात्र तपकिरीच राहिला! मागे कृत्रिम धागा मिसळलेला होता. विगची किंमत आम्हास भरून द्यावी लागली.

माणसाचा केस नखाप्रमाणे केराटिनचा बनलेला असतो व त्यावर बारीक खवले असतात. रंगातील अमोनियामुळे केस फुगून खवले उघडतात. रंगाचे कण आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे आतल्या आत जोडले जाऊन मोठे होतात. म्हणून ते पुन्हा सहजी बाहेर पडत नाहीत. कृत्रिम धागा मोडॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचा असतो. त्याला खवले नसतात, रंगही बहुधा धागा बनतानाच दिलेला असतो. केसांचा रंग त्यावरून धुऊन जातो, आणि पेरॉक्साइडने तो फिकाही होत नाही. पॉलिएस्टर कापडाचे डिस्पर्स रंग चढू शकतात, पण त्यांना जवळजवळ उकळते पाणी लागते आणि त्यात धाग्याची वळणे मोडतात. असे काम न घेतलेलेच बरे.

आता आम्ही कपाळ, टाळू आणि मान अशा तीन जागचे पाच-सहा केस काढून वेगवेगळे जाळतो. चिमट्यात धरून काडी लावावी. अस्सल केसाला जळक्या पिसासारखा वास येतो व बोटांत चुरडणारी राख होते. कृत्रिम धागा वितळून आक्रसतो, प्लास्टिकचा वास येतो आणि थंड झाल्यावर टोकाला कडक गोळी राहते. गरम गोळीला हात लावू नये, चटका बसतो.

केस अस्सल निघाला तरी घाई नको. बाजारातील पुष्कळ केस आम्लात धुऊन खवले काढलेले, आधीच रंगवलेले आणि सिलिकॉन चढवलेले असतात. सिलिकॉन असेतो रंग डागाडागाने बसतो, म्हणून आधी चांगल्या शाम्पूने दोनदा धुवावे. खवले गेलेला केस रंग फार लवकर ओढतो. मागच्या बाजूची एक बट रंगवून दर पाच मिनिटांनी पुसून पाहावी, व तिला लागलेला वेळ लिहून ठेवावा. गडद करण्यासाठी ३ टक्के पेरॉक्साइड पुरते.

काळ्याचा सोनेरी करून द्या म्हणणारे गिऱ्हाईक आले तर आम्ही सरळ नकार देतो. आधीच्या रंगावर नवा रंग लावून केस उजळत नाही. तीव्र पेरॉक्साइड लावले तर केस तुटतो आणि जाळीवरच्या गाठी सुटू लागतात.