सही घेतली, पण विचारलं कोणाला?

प्रश्न : आमच्या गावात दर वर्षा-दोन वर्षांनी कोणी ना कोणी प्रश्नावली घेऊन येतं. आजीला झाडपाल्याची औषधं विचारतात, फोटो काढतात, कागदावर तिचा अंगठा घेतात आणि जातात. पुढे काय छापलं ते आम्हाला कधी कळत नाही. आता एम.ए.च्या प्रबंधासाठी मीच शेजारच्या तालुक्यात जाणार आहे. ‘संमतीपत्र भरून घेतलं की झालं,’ असं मार्गदर्शक म्हणतात. संशोधनपद्धतीचं निर्वसाहतीकरण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?
— एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : तुमच्या आजीचा अंगठा खरा असतो, तरीही काहीतरी चुकलेलं असतं. नेमकं काय चुकतं, ते दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांच्या अनुभवातून चांगलं कळतं. ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’ हा चित्रपट पाहिला असेल तर त्यातला बाटली फेकून द्यायला निघालेला माणूस आठवा. तो सान समाजाचा. या समाजाचा अभ्यास इतक्या जणांनी केला आहे की शेवटी त्यांनी अभ्यासकांसाठीच नियम लिहून काढले.

गोष्ट हूडिया नावाच्या वनस्पतीपासून सुरू करू. कलाहारीच्या वाळवंटात वाढणारी ही निवडुंगासारखी मांसल वनस्पती शिकारीवर निघालेले सान लोक चघळत, म्हणजे भूक-तहान लागत नसे. ही माहिती जुन्या वनस्पतिग्रंथांत नोंदलेली होती. 1963 साली दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआर या सरकारी संस्थेने खाण्याजोग्या रानवनस्पतींचा अभ्यास हाती घेतला, त्यात हूडियाही होती. (आपल्या सीएसआयआरशी नाव जुळतं, संस्था वेगळी.) पुढे भूक मारणारा घटक वेगळा काढून 1990च्या दशकाच्या मध्याला संस्थेने त्याचं पेटंट घेतलं, आणि वजन कमी करण्याचं औषध बनवण्यासाठी ते एका ब्रिटिश कंपनीला वापरायला दिलं. या सगळ्यात सान लोकांना कोणी विचारलं नाही. गवगवा झाला तो 2001 मध्ये. 2003 साली करार झाला. संस्थेला मिळणाऱ्या स्वामित्वधनातला 6 टक्के वाटा सान लोकांना द्यायचं ठरलं.

इथे थोडं थांबायला हवं. त्या जुन्या ग्रंथांसाठी सान माणसाशी बोलणाऱ्याने काही चोरलं नव्हतं. त्याने ऐकलं आणि लिहून ठेवलं. पण छापलेली माहिती सगळ्यांची होते, आणि तिच्या आधारे घटक वेगळा काढून जो पेटंटचा अर्ज भरतो त्याची त्या घटकावर मालकी होते. सांगणाऱ्याचं नाव मधल्या मध्ये गळून पडतं. क्षेत्रकार्यातली ओरबाड बऱ्याचदा अशीच घडते, कोणाच्याही वाईट हेतूशिवाय. म्हणून संशोधक सज्जन आहे की नाही यावर फार वेळ घालवू नये. माहिती गावातून निघाल्यावर कुठे जाते आणि तिला थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे बघावं.

करार झाला, पण पैसा फारसा आला नाही. हूडियावर काम करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एकेक करून अंग काढून घेतलं, औषध बाजारात उभं राहिलं नाही, आणि न झालेल्या विक्रीवरच्या स्वामित्वधनाचे 6 टक्के म्हणजे शून्यच. शेवटी वाटा देऊ, हे आश्वासन एकट्याने पुरत नाही ते असं.

दुसरा प्रसंग तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. 2010 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या लोकांच्या जनुकांवर एक शोधनिबंध आला. त्यात आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचा जीनोम होता आणि नामिबियातल्या चार वृद्ध सान पुरुषांचे नमुने होते. हे चौघे निरक्षर होते. त्यांची संमती चित्रफितीवर नोंदली आहे, नीतिसमितीची मान्यताही आहे, असं संशोधकांचं म्हणणं होतं. सान नेत्यांचा आक्षेप वेगळाच होता. जनुकं चौघांची असली तरी त्यांवरून काढलेले निष्कर्ष सगळ्या समाजाबद्दल होते, मग समाजाच्या संस्थेला का टाळलं? शिवाय निबंधासोबतच्या मजकुरातले काही तपशील त्यांना खाजगी आणि अपमानकारक वाटले. छापण्याआधी कोणी दाखवलं असतं तर तिथेच बोलणं झालं असतं. एकट्या माणसाची सही त्या माणसापुरती असते, हे तुमच्या मार्गदर्शकांना सांगून बघा.

यातून 2017 साली दक्षिण आफ्रिकेतल्या सान परिषदेची सान संशोधन नीतिसंहिता आली. भाषा साधी आहे. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही चार मूल्यं आणि पाचवी गोष्ट कार्यपद्धती. आदराच्या कलमात त्यांनी थेट लिहिलं आहे की लोकांच्या घरांत फोटो काढले गेले, अंगावर पाजणाऱ्या आयांचेसुद्धा. मला या दस्तऐवजातलं कार्यपद्धतीचं कलम सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण चांगुलपणाची भाषा कोणीही सही करून मान्य करतो. हे कलम सांगतं की संशोधनाने सान समाजाने ठरवलेल्या तपासणीतून जायला हवं, न गेल्यास तो संहितेचा भंग. ही संहिता कायदा नाही, मोडणाऱ्याला तुरुंग नाही. पण भंग करणाऱ्याला पुन्हा दार उघडत नाही, आणि संशोधकाला ते चांगलंच झोंबतं.

आता तुमच्या प्रबंधाचं बोलू. तुमच्याकडे ग्रामसभा आहे, आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट आणि सर्वसहमतीची रीत वर्षानुवर्षं चालवून दाखवली आहे. तिथे बाहेरचा माणूस अभ्यासक म्हणून येतो तसे गावकरीही अभ्यासक म्हणून बसतात. तुम्ही विद्यापीठात आराखडा मंजूर करून घेण्याआधी एका पानाचा मसुदा घेऊन ग्रामसभेत जा. मंजुरीनंतर गेलात तर प्रश्न बदलायला जागाच उरत नाही. माडिया किंवा गोंडीत समजावणारा माणूस लागला तर त्याला दिवसाची मजुरी द्या आणि प्रबंधात त्याचं नाव घाला, त्याची इच्छा असेल तर. मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत सभा मागू नका. सगळे एकदम ‘हो’ म्हणाले आणि एकही प्रश्न आला नाही, तर तो होकार मानू नका. पुढच्या बैठकीला पुन्हा विचारा, आणि बाया मागे गप्प बसल्या असतील तर त्यांच्याशी वेगळं बोला.

लिहून झाल्यावर मसुदा गावात वाचून दाखवा. कुठली औषधी वनस्पती नेमकी कुठे मिळते, असे तपशील गावाने ‘छापू नका’ म्हटलं तर वगळा. मात्र गावातल्या कोणावर होणाऱ्या अन्यायाबद्दलचा निष्कर्ष प्रमुखांना आवडला नाही म्हणून पुसू नका. त्यांचा आक्षेप त्याच पानावर, त्यांच्या शब्दांत छापा. समाजाच्या वतीने कोणी बोलायचं, हा पेच सान परिषदेलाही सुटलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतली परिषद बोट्स्वाना आणि नामिबियातल्या सान लोकांच्या वतीने बोलू शकते का, आणि गावातल्या गावात कोणाच्या वतीने कोण बोलतं, हे दर वेळी नव्याने विचारावं लागतं. तुमच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात या बैठकींची नोंद करा : कोण आलं, कोण नव्हतं, कुठला प्रश्न गावाच्या सांगण्यावरून बदलला. परीक्षकांनी ‘हे इथे कशाला’ असं विचारलं, तरी मुलाखतींच्या ध्वनिफितींच्या प्रती गावाकडे कुठल्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे, तेही त्याच प्रकरणात लिहिलेलं असू द्या.