रजेचा अर्ज

पुढील अर्जात बदली माणसाला काय येत नाही, हेही कळवले आहे. मालकाला निर्णयासाठी नेमके तेच हवे असते.

दि. २५ एप्रिल

प्रति,
मा. मालक,
कापड दुकान, बडा फुहारा, जबलपूर

विषय : बहिणीच्या विवाहासाठी रजा

महोदय,

माझ्या धाकट्या बहिणीचा विवाह १२ मे रोजी नागपूर येथे आहे. वडील हयात नसल्याने सर्व जबाबदारी माझ्यावर आहे. कृपया ९ ते १५ मे अशी सात दिवसांची रजा द्यावी.

लगीनसराईत दुकानात गर्दी असते, याची मला जाणीव आहे. माझ्या जागी माझा मावसभाऊ येईल. त्याला थानावरून कापड मोजून फाडता येते. साड्यांच्या किमती मात्र ठाऊक नाहीत. म्हणून ७ व ८ मे रोजी तो माझ्यासोबत उभा राहील. उधारीची वही तेवढी आपण सांभाळावी. रजेतील माझा पगार त्याला द्यावा.

आपला नम्र,
अ. ब. क.