निळा खाली, तांबडा वर

बौद्धनाथच्या गल्लीतल्या दुकानात काढलेला मंडळाचा फोटो तू दाखवलास आणि लगेच कडेच्या ज्वाळांवर बोट ठेवलंस. तिथून नको, पोरी. आत शिरणारा साधक बाहेरून येतो हे खरं, पण चित्र ओळखायचं असेल तर मधून सुरुवात कर. मधला कोण हे कळलं की बाकीच्यांच्या जागा त्याच्यावरून लागतात.

तुझ्या फोटोत मध्ये पांढरा वैरोचन आहे, हात छातीशी, शिकवण्याच्या मुद्रेत. त्याच्याभोवती चार बुद्ध. आता दिशा लाव. आपल्या नकाशात उत्तर वर असते, इथे पूर्व खाली, तुझ्याकडे असते, कारण तू पूर्वेच्या दारातून आत पाहतेस असं धरलेलं असतं. तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिर: डावीकडे दक्षिण, वर पश्चिम, उजवीकडे उत्तर. त्याच क्रमाने निळा अक्षोभ्य खाली, पिवळा रत्नसंभव डावीकडे, तांबडा अमिताभ वर आणि हिरवा अमोघसिद्धी उजवीकडे.

हे पाठ कर, कारण फोटो लबाडी करतो. माझी उमर छापखान्यात गेली. एकदा आम्ही असंच मंडळ कॅलेंडरवर छापलं आणि फिल्म उलटी लागली. पिवळा उजवीकडे, हिरवा डावीकडे. हजार प्रती कापून झाल्यावर एका लामांनी बोट दाखवलं. म्हणून नुसता खालचा निळा आणि वरचा तांबडा पाहून थांबू नकोस, आरशात पाहिल्यावरही ते जागच्या जागीच राहतात. फसवतात ते बाजूचे दोघे.

रंगावर शंका आली तर हात बघ. त्या दुकानातल्या पिवळ्या बल्बाने पांढरा वैरोचनसुद्धा पिवळसर केलाय. खरा पिवळा, म्हणजे रत्नसंभव, तळवा पुढे करून वर देतो. अक्षोभ्याची बोटं जमिनीला टेकतात, अमिताभाचे दोन्ही हात मांडीवर ध्यानात असतात आणि अमोघसिद्धीचा तळवा अभय देत वर उचललेला असतो. आसनाखालचे प्राणीही साक्ष देतात. वैरोचनाला सिंह, अक्षोभ्याला हत्ती, रत्नसंभवाला घोडा, अमिताभाला मोर, अमोघसिद्धीला गरुड. पण चित्र लहान असलं की ते फोटोत ठिपके होतात, तेव्हा भिस्त हातांवरच ठेव.

एक सावधगिरी. ही रंगांची वाटणी प्रत्येक मंडळात चालत नाही. मध्ये अक्षोभ्य असला तर निळा मध्ये येतो आणि पांढरा पूर्वेला जातो. कालचक्र मंडळात तर खाली काळा, डावीकडे तांबडा, वर पिवळा, उजवीकडे पांढरा. तिथे आपला नियम लावलास तर चांगला सरळ फोटो तू आडवा करून ठेवशील.

आता बुद्धांच्या बाहेरचा चौकोन. हा राजवाडा आहे, पण कागदी खोक्याच्या भिंती चारी बाजूंना पाडाव्यात तसा. जमीन वरून दिसते, दारं समोरून. म्हणून प्रत्येक दाराचं तोरण बाहेरच्या बाजूला झुकतं आणि खालच्या दारावरचं धर्मचक्र व त्याच्या शेजारची दोन हरणं उलटी दिसतात. ती चूक नव्हे. हरणं म्हणजे सारनाथचं मृगदाव, पहिलं प्रवचन जिथे झालं ती जागा. भिंत पाच रंगांच्या पट्ट्यांची, तिच्या बाहेर लाल ओटा आणि त्यावर पूजेचं साहित्य घेतलेल्या देवी. दारांच्या दोन्ही अंगांनी टोकदार पाकळ्यांसारखं काही बाहेर डोकावतं ना? लोक त्याला नक्षी समजतात. अख्खा वाडा एका मोठ्या फुलीच्या वज्रावर उभा आहे आणि ही त्या वज्राची टोकं आहेत. वज्राचा मधला भाग वाड्याखाली झाकला गेलाय.

चौकोनाबाहेर वर्तुळं. आधी कमळाच्या पाकळ्या, मग काळ्या-निळ्या पट्टीवर वज्रांचं कुंपण, शेवटी ज्वाळा. कमळ आणि वज्र यांच्यामध्ये कधी झाडं, स्तूप, प्रेतं असलेलं आणखी एक कडं दिसतं. ती आठ स्मशानं. ती असली की मधली देवता उग्र आहे असं बहुधा समजावं. तुझ्या फोटोत ती नाहीत आणि मध्ये शांत वैरोचन आहे, तेव्हा जुळतं.

वर्तुळ अंड्यासारखं आलंय तो दोष मात्र तुझा. तू बाजूला उभी राहून, मान वर करून टिपलंस. चित्राच्या मधल्या मूर्तीसमोर तेवढ्याच उंचीवर कॅमेरा धरायचा. आणि चारी कोपरे धर, तू खालचे दोन कापलेस. वरच्या कोपऱ्यांत बहुधा गुरू असतात, पण खाली रक्षक देवता आणि कधी हात जोडून बसलेला एक लहानसा माणूस असतो, चित्र करवून घेणारा. तो मूळ चित्रात असेल तर तुझ्या फोटोत कापला गेलाय.